रेघ आहे म्हणून गोळी अर्धी करावी का?

प्रश्न : माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. हृदयासाठी त्यांना मेटोप्रोलॉल एक्सएल 50 ची अर्धी गोळी रोज सकाळी लिहून दिली आहे. गोळीवर रेघ आहे, पण स्ट्रिपच्या मागे ‘चावू नये, चुरडू नये’ अशा अर्थाचे वाक्य आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर एकत्र असलेली मधुमेहाची गोळी ते सकाळ-रात्री जेवणाआधी घेतात. गेल्या आठवड्यात पहाटे शुगर कमी झाली, म्हणून डॉक्टरांनी फोनवर ‘रात्रीची अर्धी करा’ असे सांगितले. या गोळीच्या स्ट्रिपवर मात्र ‘अखंड गिळावी, तोडू नये’ असे स्पष्ट छापले आहे आणि तरीही गोळीवर रेघ आहे! मेडिकलमधून कटर आणला, पण अर्धे भाग कधी लहानमोठे होतात, कधी चुरा होतो. रेघ खरी मानायची की छापलेले वाक्य? — एक वाचक, कराड

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

दोन गोळ्यांची उत्तरे वेगळी आहेत, म्हणून ती आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. मेटोप्रोलॉलची गोळी रेघेवर अर्धी करता येते, मात्र त्या स्ट्रिपवर तोडण्यास किंवा विभागण्यास मनाई केलेली नाही याची खात्री करून घ्या, आणि झालेला अर्धा भाग न चावता, न चुरडता पाण्याबरोबर तसाच गिळायला द्या. मधुमेहाची गोळी अर्धी करू नका. डॉक्टरांना आजच फोन करून स्ट्रिपवरचे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवा आणि रात्रीसाठी कोणती गोळी द्यायची ते विचारा. तोडायची नाही म्हणून पुन्हा पूर्ण गोळी सुरू करावी, असा अर्थ मात्र कृपया काढू नका. पहाटे शुगर उतरली होती म्हणूनच डॉक्टरांनी मात्रा कमी केली आहे, आणि तो निर्णय योग्यच आहे. ती मात्रा कोणत्या गोळीतून द्यायची, एवढाच भाग दुरुस्त करून घ्यायचा आहे. गेल्या आठवड्यात दिलेल्या अर्ध्या गोळ्यांमुळे काही मोठे नुकसान झाले असेल, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. असे का, ते पुढे येईल.

आता रेघेविषयी. गोळी यंत्रात दाबून तयार होते आणि तिच्यावरची रेघ त्या साच्यातूनच उमटते. काही कंपन्या ही रेघ देताना गोळीचे दोन भाग सारखे पडतात का, दोन्ही भागांतून औषध अपेक्षेप्रमाणे सुटते का, हे तपासून पाहतात. अशी रेघ खऱ्या अर्थाने कामाची असते. काही गोळ्यांवर ती केवळ मोठी गोळी दोन तुकड्यांत गिळणे सोपे जावे म्हणून असते. म्हणजे दोन्ही तुकडे एकामागून एक लगेच घ्यायचे असतात आणि ते तंतोतंत सारखे असण्याची हमी कोणी दिलेली नसते. आणि काही गोळ्यांवर ती निव्वळ ओळखीची खूण असते. बाहेरून पाहून या तिन्ही रेघांत फरक करता येत नाही, अगदी औषधाच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माणसालाही नाही. युरोपच्या औषधसंहितेत यासाठी एक साधी कसोटी आहे. 30 गोळ्या हाताने तोडायच्या, प्रत्येक गोळीचा एकच भाग घ्यायचा आणि त्या 30 भागांचे वजन करायचे. सरासरी वजनाच्या 85 ते 115 टक्क्यांच्या बाहेर एकापेक्षा अधिक भाग जाता कामा नयेत आणि 75 ते 125 टक्क्यांच्या बाहेर एकही जाता कामा नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2013 मध्ये रेघ असलेल्या गोळ्यांच्या तपासणीबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आपल्या हातातली गोळी अशा एखाद्या कसोटीतून गेली आहे की नाही, हे मात्र रेघ सांगत नाही. म्हणून रेघ आणि छापील वाक्य यांत विरोध दिसला, तर नेहमी छापील वाक्य मानावे. हे वाक्य त्या विशिष्ट गोळीसाठी, तिच्या उत्पादकाने लिहिलेले असते.

हे वाक्य वाचतानाही थोडे थांबावे लागते, कारण सगळ्या स्ट्रिपांवर एकच गोष्ट लिहिलेली नसते. आपल्या मेटोप्रोलॉलच्या स्ट्रिपवर चावण्यास आणि चुरडण्यास मनाई आहे, तोडण्यास नाही. मधुमेहाच्या स्ट्रिपवर तोडण्यासही मनाई आहे. अनेक घरांत या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच समजला जातो. मग तोडता येण्याजोगी गोळी कोणी घाबरून बंद करते, किंवा याच्या उलट, ‘चुरडू नये म्हटले आहे, अर्धी करायला काय हरकत’ असे म्हणून न तोडण्याची गोळी तोडली जाते. पहिली चूक दुसरीइतकीच वाईट ठरू शकते. मेटोप्रोलॉल हे अचानक बंद करण्याचे औषध नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या माणसाने ते एकदम थांबवले, तर छातीत दुखणे उसळू शकते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. त्यामुळे तोडावी की नाही या शंकेपायी सकाळची मात्रा एक दिवसही चुकवू नका.

मेटोप्रोलॉलसारखी चोवीस तास हळूहळू सुटणारी गोळी अर्धी करता येते, हे ऐकून आश्चर्य वाटणे साहजिक आहे. नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल, ईआर, सीआर, पीआर किंवा एमआर अशी अक्षरे असली की औषध टप्प्याटप्प्याने सुटणारे आहे असे समजावे आणि अशा गोळ्या तोडू नयेत, हा सर्वसाधारण नियम अगदी बरोबर आहे. पण औषध हळू सोडण्याच्या युक्त्या एकापेक्षा अधिक आहेत, आणि गोळी तोडता येईल की नाही हे आत कोणती युक्ती वापरली आहे यावर ठरते. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या मूळ गोळीत औषधाचे बारीक बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर औषध हळूहळू बाहेर सोडणारे स्वतंत्र आवरण असते. हे दाणे एकत्र दाबून गोळी बनवलेली असते. पोटात गेल्यावर गोळी विरघळून दाणे सुटे होतात आणि त्यानंतर प्रत्येक दाणा आपापल्या गतीने औषध सोडत राहतो. अशी गोळी मधोमध तोडली, तर निम्मे दाणे इकडे आणि निम्मे तिकडे जातात. पात्याखाली सापडलेले मोजके दाणे सोडले, तर बाकीच्यांची आवरणे शाबूत राहतात. चावल्याने किंवा खलबत्त्यात कुटल्याने मात्र आवरणेच फुटतात आणि दिवसभराचे औषध काही मिनिटांत सुटते. नाडी फार मंद होणे, रक्तदाब घसरणे, चक्कर येणे हे त्याचे परिणाम. म्हणूनच अमेरिकेतील या औषधाच्या माहितीपत्रकात गोळीवर रेघ आहे, ती विभागता येते, मात्र पूर्ण किंवा अर्धी गोळी अखंड गिळावी, चावू किंवा चुरडू नये, असे नोंदवलेले आहे. आपल्या स्ट्रिपवरचे वाक्य या सूचनेशी जुळणारे आहे.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. आपल्याकडे मेटोप्रोलॉल एक्सएल अनेक कंपन्या बनवतात आणि सर्वांची आतली रचना सारखी असेलच असे नाही. एका कंपनीची गोळी दाण्यांची असेल, तर दुसरीची सलग वड्यासारखी दाबलेली असू शकते. पुढच्या महिन्यात दुकानदाराने ‘तेच औषध आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी स्ट्रिप दिली, तर मागचे वाक्य पुन्हा नव्याने वाचावे आणि ‘हिचे अर्धे करता येतात का’ हे फार्मासिस्टला विचारूनच घरी यावे. स्ट्रिप वाचताना आणखी एका ठिकाणी गोंधळ होतो, तोही सांगून ठेवतो. पुढच्या बाजूला ठळक 50 असते, पण मागच्या बारीक मजकुरात मेटोप्रोलॉल सक्सिनेट 47.5 मिलिग्रॅम असा आकडा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. 47.5 मिलिग्रॅम सक्सिनेट हे 50 मिलिग्रॅम मेटोप्रोलॉल टार्ट्रेटच्या बरोबरीचे असते, आणि सोयीसाठी तिला 50 ची गोळी म्हणतात. हा आकडा पाहून दुकानदाराने कमी पॉवरची गोळी दिली, असा समज करून घेऊ नका.

असे असले तरी आपल्या बाबतीत माझा कल वेगळा आहे. मेटोप्रोलॉल एक्सएल 25 ची तयार गोळी आपल्याकडे सर्रास मिळते, 12.5 चीही मिळते. 50 ची अर्धी लिहून देण्यामागे डॉक्टरांचा हिशेब बहुधा असा असतो की, काही आठवड्यांत मात्रा वाढवावी लागली तर तीच स्ट्रिप उपयोगी पडावी. कधी जवळच्या दुकानात 50 चीच असते म्हणूनही तसे लिहिले जाते. पण आपल्या सासऱ्यांची मात्रा अर्ध्यावरच स्थिरावलेली असेल, तर पुढच्या भेटीत ‘आता 25 चीच लिहून द्याल का’ असे विचारा. रोज सकाळी कापण्याचा प्रश्नच मग उरणार नाही. दुकानदाराने परस्पर बदलून देण्याऐवजी चिठ्ठीवर तसे लिहून घेणे चांगले, कारण चिठ्ठीवर ‘50, अर्धी’ आणि हातात 25 ची स्ट्रिप असली, की घरातले दुसरे कोणी तिचीही अर्धी करून देते. ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे.

मधुमेहाच्या गोळीची गोष्ट निराळी आहे. ती हातात घेऊन उजेडात तिच्या कडेकडे पाहा. बहुतेक वेळा एक थर पांढरा आणि दुसरा रंगीत, असे दोन थर एकमेकांवर दाबलेले दिसतील. रंगीत थरात सहसा ग्लिमेपिराइड असते, एक किंवा दोन मिलिग्रॅम. ते लवकर सुटायचे असते. पांढऱ्या थरात 500 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन असते आणि ते हळू सुटावे म्हणून त्यात पाण्याने फुगणारा पदार्थ मिसळलेला असतो. पोटातल्या पाण्याने या थराच्या पृष्ठभागावर भिजलेल्या सब्जासारखा बुळबुळीत लगदा तयार होतो आणि औषध त्यातून झिरपत झिरपत बाहेर पडते. औषध किती वेगाने सुटेल, हे गोळीचा आकार आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग यांवर ठरते. गोळी कापली की कापलेली नवी बाजू पाण्याला उघडी पडते, तुकडा लहान झाल्यामुळे औषधाला बाहेर पडायला कापावे लागणारे अंतर घटते, आणि जे रात्रभर पुरायचे ते आधीच संपते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत यातून सहसा जीवावर बेतत नाही. पोटात गुबारा धरणे, मळमळ, जुलाब आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या शुगरवर कमी पकड, एवढ्यावर ते निभावते. म्हणूनच गेल्या आठवड्याबद्दल घाबरू नका, असे वर म्हटले.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या थराची. पहाटे शुगर उतरवणारे औषध त्या गोळीत प्रामुख्याने ग्लिमेपिराइड आहे, आणि त्याची मात्रा जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. लांबट, जाड, दोन थरांची गोळी कटरच्या पात्याखाली आली की ती कित्येकदा सरळ उभी तुटत नाही. थर जिथे चिकटवलेले असतात तिथून पापुद्रा सुटतो. एका तुकड्यावर रंगीत थर जवळजवळ पूर्ण राहतो, दुसऱ्यावर त्याचा निम्मा भागही नसतो. वजन केले तर दोन्ही तुकडे सारखे भरतील, कारण वजन मुख्यतः पांढऱ्या थराचे असते. पण ज्या औषधासाठी अर्धी करायला सांगितली, तेच एका रात्री जास्त आणि एका रात्री कमी जाईल. तुटलेल्या तुकड्यांच्या कडा पाहिल्या, तर हे आपल्याला साध्या डोळ्यांनी दिसेल. कटरच्या तळाशी रंगीत कण पडलेले असतील, तर तेही याचेच लक्षण.

डॉक्टरांनी चूक केली असे मला म्हणायचे नाही. फोनवर, समोर स्ट्रिप नसताना, नुसते ‘शुगरची गोळी’ असे ऐकून दिलेला तो सल्ला आहे, आणि साध्या ग्लिमेपिराइडच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. आता फोन कराल तेव्हा गोळीचे पूर्ण नाव सांगा, पुढचे आकडे आणि अक्षरे वाचा, त्यानंतर तोडण्यास मनाई करणारे वाक्य वाचा, आणि पहाटे शुगर किती होती, किती वाजता होती, हेही सांगा. हे ऐकल्यावर त्यांच्यापुढे बरेच मार्ग असतात. ग्लिमेपिराइड 0.5 आणि मेटफॉर्मिन एसआर 500 अशी कमी मात्रेची एकत्रित गोळी मिळते. दोन्ही औषधे वेगवेगळी देऊन रात्रीचे ग्लिमेपिराइड कमी करता येते. रात्रीचे ग्लिमेपिराइड पूर्ण बंद करून फक्त मेटफॉर्मिन एसआर अखंड ठेवणे हाही एक मार्ग आहे, आणि 74 वर्षांच्या, पहाटे शुगर उतरलेल्या माणसासाठी डॉक्टर कदाचित तोच निवडतील. यातले काय करायचे ते त्यांनीच ठरवायचे आहे. सासऱ्यांच्या मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे, रात्री ते किती जेवतात, हे त्यांना ठाऊक असते, मला नाही. काही कारणाने आज रात्रीपर्यंत डॉक्टरांशी बोलणे झाले नाही, तर त्यांच्या दवाखान्यातील दुसऱ्या डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयात विचारा. आपल्या मनाने पूर्ण गोळी देऊ नका.

न तोडण्याची सूचना मोडल्याचा परिणाम सगळ्या औषधांत मेटफॉर्मिनइतका सौम्य नसतो, हे मात्र लक्षात असू द्या. ट्रामाडॉल किंवा टॅपेन्टाडॉल यांसारख्या वेदनाशामकांच्या एसआर गोळ्या तोडल्या किंवा चावल्या, तर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाऊन श्वास मंदावू शकतो, आणि ते प्राणघातक ठरू शकते. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवरचे आवरण औषधाला पोटातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असते. ती तोडली तर अपाय होत नाही, पण औषध आतड्यात पोहोचण्याआधीच निकामी होते आणि ‘गोळी घेऊनही जळजळ थांबत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आता कटरकडे वळू. मेटोप्रोलॉल 25 ची स्ट्रिप येईपर्यंत तो लागणारच आहे. मेडिकलमध्ये मिळणारा साधा प्लॅस्टिकचा कटर म्हणजे एक डबी. तिच्या तळाशी गोळी अडकवण्यासाठी दोन भिंतींची निमुळती खाच असते आणि झाकणाला आतून पाते बसवलेले असते. भाग लहानमोठे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गोळी खाचेत पुरती आत सरकवलेली नसते. गोल गोळी दोन्ही भिंतींना एकाच वेळी टेकली पाहिजे, म्हणजे ती पात्याच्या बरोबर मध्यावर येते. एकाच भिंतीला टेकली तर ती थोडी फिरते आणि पाते रेघ सोडून बाजूला उतरते. रेघ वरच्या बाजूला आणि पात्याच्या दिशेने सरळ ठेवा. त्यासाठी झाकण इतके खाली आणा की पाते गोळीला जेमतेम स्पर्श करेल, मग बाजूने डोकावून पाहा आणि पाते रेघेच्या आत बसले आहे याची खात्री करा. त्यानंतर झाकण एका दमात, ठामपणे दाबा. हळूहळू दाबत गेले तर पाते रुतत जाते, गोळीला मधे ताण बसतो आणि ती पात्याच्या पुढे वेडीवाकडी फुटते. चुरा होण्यामागे अनेकदा हेच कारण असते. दुसरे कारण म्हणजे बोथट पाते. काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर, पूर्वी स्वच्छ तुटणाऱ्या गोळीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या, तर पाते गेले असे समजून नवा कटर घ्यावा. पात्याला धार लावण्याचा खटाटोप करू नये. पाते उघडे असताना बोटे आत घालू नका आणि कापल्यावर झाकण बेताने उघडा, नाहीतर तुकडा उडून ओट्याखाली जातो. डबी दर वेळी कोरड्या कपड्याने किंवा लहान ब्रशने झटकून घ्या, कारण एका औषधाची पूड दुसऱ्या गोळीला लागणे बरे नव्हे.

खोल रेघेची, थोडी फुगीर गोळी असेल, तर कटरपेक्षा बोटांनी ती अधिक नीट तुटते. कोरड्या हातांनी रेघ वर ठेवून गोळी दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायची आणि रेघ उघडेल अशा दिशेने एकदम वाकवायची. सासऱ्यांचे हात थरथरत असतील किंवा नजर अधू असेल, तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

दोन अर्धे भाग अगदी सारखे पडणार नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नका. समजा, 50 च्या गोळीचे 22 आणि 28 असे भाग पडले. युरोपच्या त्या कसोटीतील 15 टक्क्यांची सूट 25 वर लावली, तर 21.25 ते 28.75 एवढी मुभा मिळते, म्हणजे हे भाग त्या मर्यादेत बसतात. आज 22 चा भाग दिला आणि उद्या त्याच गोळीचा 28 चा, तर दोन दिवसांत बरोबर 50 गेले आणि कमीजास्त भरून निघाले. म्हणून एका वेळी एकच गोळी कापा आणि तिचा दुसरा भाग पुढच्याच मात्रेला वापरा. रविवारी सकाळी बसून पूर्ण स्ट्रिप कापून डबीत भरून ठेवण्याची सवय अनेकांना असते, कारण रोजचा खटाटोप वाचतो. पण मग कोणता तुकडा कोणाचा जोडीदार हे कळत नाही, लागोपाठ तीन दिवस लहानच तुकडे हाती येऊ शकतात, आणि कराडसारख्या ठिकाणी पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडे पडलेले तुकडे मऊ पडतात. उरलेला अर्धा भाग लहान, कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर औषधाचे नाव व तारीख चिकटवा. तुकडा रंग बदललेला, चिकट किंवा भुगा होऊ लागलेला दिसला, तर टाकून द्या. कापतानाच गोळीचे तीन-चार तुकडे झाले, तर अंदाजाने अर्धे वेचून देऊ नका, ती गोळी बाजूला ठेवून दुसरी घ्या. एक गोळी वाया गेल्याचे वाईट वाटते, पण मेटोप्रोलॉलची एक गोळी काही रुपयांची आहे.

हे 22 आणि 28 चालवून घेण्याचे औदार्य मेटोप्रोलॉलला दाखवता येते, सगळ्यांना नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकुमारॉल, हृदयाचे डिगॉक्सिन, थायरॉइडचे थायरॉक्सिन यांच्या मात्रेत थोडा फरकही महत्त्वाचा ठरतो. रेघ असली तरी यांची हवी ती पॉवर मिळत असेल, तर तीच घ्यावी. थायरॉक्सिन तर 12.5 मायक्रोग्रॅमपासून कितीतरी पॉवरमध्ये मिळते, तिथे कटर काढण्याचे कारणच सहसा उरत नाही. आणखी एक गोष्ट आपण स्वतः कापत असाल म्हणून सांगतो. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइडची तुटलेली गोळी किंवा तिची पूड गर्भवती स्त्रीने हाताळू नये, गर्भातील मुलग्याच्या वाढीवर तिचा परिणाम होऊ शकतो. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी तर घरात कोणीच कापू नये.

शेवटी स्ट्रिपबद्दल. आपल्याकडे दहा गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापून पाच किंवा सात गोळ्या देण्याची पद्धत आहे. मागचे वाक्य सगळीकडे पुन्हा पुन्हा छापलेले नसते, त्यामुळे आपल्या हातात येणाऱ्या तुकड्यावर कधी नुसते कंपनीचे नाव असते, कधी अर्धेच वाक्य असते, आणि मुदतीची तारीख तर हमखास दुसऱ्या टोकाला राहते. अर्ध्या गोळ्यांच्या हिशेबात हे अधिकच होते, कारण महिन्याला पंधराच गोळ्या लागतात. शक्यतो पूर्ण स्ट्रिप घ्या. कापूनच घ्यावी लागली, तर कात्री लावण्याआधी पूर्ण स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढू द्यायला सांगा, कोणताही दुकानदार नाही म्हणणार नाही. फोटो मोठा करून वाचताही येतो, जे त्या बारीक अक्षरांत चष्मा लावूनही जमत नाही. वाक्य मुळी छापलेलेच नसेल, फक्त ‘मात्रा : डॉक्टरांच्या सल्ल्याने’ एवढेच असेल, तर तोडण्यास परवानगी आहे असे समजू नका. नावापुढे वर सांगितलेली अक्षरे आहेत का ते पाहा, आणि असतील तर फार्मासिस्टला विचारल्याशिवाय तिला कटर लावू नका.

आपण आजवर कापून ठेवलेले मधुमेहाच्या गोळीचे अर्धे तुकडे असतील, तर ते आजच वेगळे काढून टाकून द्या. नवीन गोळी सुरू झाल्यावर तेच तुकडे चुकून डबीतून दिले गेले, तर शुगर पुन्हा उतरू शकते.